फॅक्टरी रिसेटनंतर इंटरनेट परत येत नाही: राउटरच्या सेटिंग्ज फाइलवरून किंवा पुरवठादाराच्या तपशिलांवरून पूर्ववत करणे

समस्या: राउटरच्या मागचे बारीक छिद्रातले बटण कोणीतरी पिनेने दाबून धरले आणि त्यानंतर वायफाय दिसते, पण इंटरनेट चालत नाही. घरातले नेहमीचे वायफायचे नाव गायब झालेले असते, त्याच्या जागी राउटरच्या तळावरील लेबलवर छापलेले नाव दिसते आणि जुना पासवर्ड चालत नाही.

फायबर जोडणी असलेल्या घरांत आणि छोट्या कार्यालयांत ही तक्रार वारंवार येते, कारण नेट अडखळले की राउटर बंद करून चालू करण्याऐवजी रिसेट करण्याची सवय अनेकांना असते. बंद करून चालू केल्याने राउटरमधली कोणतीही नोंद पुसली जात नाही. रिसेटचे बटण साधारण दहा सेकंद दाबून धरले की मात्र राउटर कारखान्यातून आला तेव्हाच्या अवस्थेत जातो, आणि पुरवठादाराकडे लॉगिन करण्यासाठी त्यात भरलेले वापरकर्तानाव व पासवर्ड त्याच्याबरोबरच पुसले जातात. राउटर बिघडलेला नसतो. आपण कोणाचे ग्राहक आहोत एवढेच त्याच्या स्मरणातून गेलेले असते.

पुढील विवेचन स्थानिक फायबर पुरवठादाराची पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे राउटरने वापरकर्तानाव व पासवर्ड देऊन लॉगिन करण्याची जोडणी आणि तिच्यामागे स्वतः विकत घेतलेला टीपी-लिंक आर्चर सी६ राउटर, अशी मांडणी गृहीत धरून केलेले आहे. इतर राउटरांवर मेनूंची नावे थोडी वेगळी असतात, परंतु कामाचा क्रम तोच राहतो.

दोन डब्यांपैकी नेमका कोणता रिसेट झाला?

हा प्रश्न आधी सोडवावा, कारण उत्तरानुसार पुढचा मार्ग पूर्णपणे बदलतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार ज्या डब्यात जाते तो ओएनटी. त्यातून निघालेली लॅनची केबल ज्याच्या निळ्या किंवा `WAN` असे लिहिलेल्या खाचेत जाते तो आपला राउटर. काही ठिकाणी दोन्ही कामे एकच डबा करतो.

ओएनटीवर `PON` चा दिवा स्थिर हिरवा असेल आणि `LOS` चा लाल दिवा बंद असेल, तर फायबर आणि पुरवठादाराचे यंत्र यांच्यातला संबंध शाबूत आहे असे समजावे. लाल दिवा पेटत असेल, तर अडचण तारेत आहे आणि राउटरमध्ये कितीही सेटिंग्ज भरल्या तरी उपयोग होणार नाही. `PON` चा दिवा नुसताच लुकलुकत राहिला, तर पुरवठादाराच्या यंत्राने ओएनटीला ओळखलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. ओएनटीचा अनुक्रमांक रिसेटने पुसला जात नाही, पण काही पुरवठादार त्याखेरीज ओएनटीमध्ये स्वतंत्र ओळखक्रमांक किंवा पासवर्ड भरतात, आणि तो पुसला जाऊ शकतो. अशा वेळी पुरवठादाराचा माणूस बोलावण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या पुरवठादारांचे स्वतःचे डबे रिसेटनंतर बऱ्याचदा आपल्या सेटिंग्ज दूरवरून आपोआप मागवून घेतात. तेथे दहा-पंधरा मिनिटे काहीही न करता वाट पाहणे हाच शहाणपणाचा उपाय आहे.

`PON` स्थिर असून आर्चर सी६ वरचा इंटरनेटचा दिवा नारिंगी राहत असेल, तर केबल जोडलेली आहे पण इंटरनेट मिळत नाही. म्हणजे रिसेट झालेला डबा आपला राउटर आहे, आणि ते काम आपल्या हातात आहे.

राउटरच्या पानापर्यंत पोहोचणे

शक्य असल्यास संगणक लॅनच्या केबलने राउटरला जोडावा. केबल नसेल तर लेबलवरचे वायफायचे नाव आणि पासवर्ड वापरून फोनने जोडावे, मात्र फोनमधला मोबाइल डेटा त्याआधी बंद करावा. वायफायवर इंटरनेट नाही असे दिसताच बहुतेक फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात, राउटरचे पान उघडत नाही, आणि माणूस विनाकारण पुन्हा रिसेटच्या बटणाकडे जातो.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत `192.168.0.1` किंवा `tplinkwifi.net` असे टाइप करावे. रिसेट खरोखर झालेला असेल तर पान जुना पासवर्ड विचारणार नाही, नवा पासवर्ड तयार करायला सांगेल. पूर्वी जतन केलेली सेटिंग्जची फाइल हाताशी असेल तर त्यानंतर येणारी प्राथमिक मांडणीची मालिका भरत बसू नये; ती वगळण्याची सोय असते.

जतन केलेली फाइल असेल तर

`Advanced` या भागात `System Tools` किंवा `System` खाली `Backup & Restore` हे पान आहे. तेथे `Browse` ने आपली `.bin` फाइल निवडून त्याच चौकटीतले `Restore` दाबावे. याच पानावर खाली `Factory Default Restore` अशी दुसरी चौकट असते; घाईत तिचे बटण दाबले गेले तर राउटर पुन्हा कोरा होतो, त्यामुळे बटण कोणत्या चौकटीतले आहे हे पाहूनच दाबावे. फाइल वाचून झाल्यावर राउटर स्वतःहून बंद होऊन सुरू होतो. या दोन-तीन मिनिटांत वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. इन्व्हर्टरवरचा प्लग असेल तर तोच वापरावा.

फाइल कोणत्याही राउटरला चालत नाही. ती त्याच मॉडेलची आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीची असावी लागते. आर्चर सी६ च्या तळावरील लेबलवर `Ver` पुढे जो आकडा असतो तो यासाठीच पाहायचा. मधल्या काळात राउटरचे फर्मवेअर बदललेले असेल तर फाइल बहुधा स्वीकारली जाते, पण काही सेटिंग्ज अर्धवट उतरण्याची शक्यता असते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी फाइल चढवून इंटरनेट सुरू करावे आणि फर्मवेअरचे अद्यतन नंतर कधीतरी निवांतपणे करावे. दोन्ही कामे एकाच बैठकीत केली आणि काही अडले, तर दोष कोणत्या पायरीचा आहे हे कळेनासे होते.

फाइल चढल्यानंतर दोन गोष्टींनी लोक हमखास चकतात. पहिली म्हणजे राउटरच्या पानाचा पासवर्ड. दहा मिनिटांपूर्वी आपण जो नवा पासवर्ड तयार केला तो गेला, आणि फाइल जतन केली त्या दिवशी जो होता तो परत आला. कारण तोही फाइलमध्येच असतो. दुसरी म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता. जुन्या मांडणीत तो `192.168.1.1` असा बदललेला असेल, तर फाइल चढल्यावर `192.168.0.1` हे पान कधीच उघडणार नाही. राउटर मेला असे वाटते, प्रत्यक्षात तो नव्या पत्त्यावर व्यवस्थित चालू असतो. केबल काढून पुन्हा लावावी किंवा वायफाय बंद करून चालू करावे, म्हणजे संगणक नवा पत्ता घेतो. मग त्याच्या नेटवर्कच्या माहितीत `Default Gateway` पुढे जो आकडा दिसेल तोच राउटरचा पत्ता.

फाइल नसेल तर: पुरवठादाराकडून काय मागावे

«नेट बंद आहे» एवढेच फोनवर सांगितले तर बहुधा माणूस पाठवण्याचे आश्वासन मिळते आणि एक-दोन दिवस जातात. त्यापेक्षा नेमके मागावे: जोडणी पीपीपीओई आहे, आपोआप पत्ता मिळणारी आहे की स्थिर पत्त्याची, पीपीपीओई असल्यास वापरकर्तानाव आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, म्हणजे एकाच तारेवरच्या सेवा वेगळ्या ठेवणारा आकडा, आपल्या राउटरमध्ये भरावा लागतो का आणि लागत असल्यास कोणता, आणि खाते एखाद्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाशी बांधलेले आहे का.

वापरकर्तानाव आणि पासवर्ड जोडणीच्या अर्जावर, पहिल्या दिवशी आलेल्या एसएमएसमध्ये किंवा जोडणी करणाऱ्याने डब्यावर चिकटवलेल्या कागदावर सापडू शकतात. बिल भरण्याच्या ॲपचा पासवर्ड मात्र अनेकदा वेगळा असतो, आणि तो येथे भरून लोक तासन्‌तास वाया घालवतात. वापरकर्तानावात `@` नंतरचा भाग असेल तर तोही नावाचाच हिस्सा आहे. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत, उदाहरणार्थ, तो `@ftth.bsnl.in` असा असतो. लहान-मोठी अक्षरे आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा यांनीही लॉगिन नाकारले जाते; एसएमएसमधून नक्कल करून चिकटवताना ती मोकळी जागा बऱ्याचदा सोबत येते.

तपशील मिळाल्यावर `Advanced` मध्ये `Network` खाली `Internet` या पानावर जोडणीचा प्रकार `PPPoE` निवडावा, दोन्ही रकाने भरावेत आणि जतन करून `Connect` दाबावे. रिसेटनंतर हा प्रकार `Dynamic IP` वर गेलेला असतो, आणि पीपीपीओई जोडणीवर त्याने काहीच घडत नाही.

तरीही जोडणी होत नसेल तर नोंदवहीत काय लिहिले आहे ते पाहावे

अंदाजाने सेटिंग्ज बदलत राहण्यापेक्षा `System Log` हे पान उघडावे. शब्दरचना राउटरनुसार बदलते, पण पीपीपीओईच्या अपयशाचे मुख्य प्रकार दोनच आहेत आणि ते साधारण असे दिसतात:

```
Timeout waiting for PADO packets
PAP authentication failed
CHAP authentication failed
```

पहिली ओळ सांगते की राउटरने «कोणी आहे का» असे विचारले आणि पलीकडून काहीच उत्तर आले नाही. येथे पासवर्डचा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण तो विचारण्यापर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही. केबल चुकीच्या खाचेत असणे, व्हीलॅन क्रमांक चुकणे किंवा पुसला जाणे, लॉगिन आपल्या राउटरवर सोपवून माहिती नुसती पुढे देणाऱ्या ब्रिज पद्धतीतून ओएनटी राउटर पद्धतीत गेलेला असणे, अथवा पुरवठादाराच्या बाजूने बंद असणे, ही याची नेहमीची कारणे. ओएनटीचाही रिसेट झाल्याची शंका असेल तर एक सोपी तपासणी करता येते: आपल्या राउटरचा प्रकार तात्पुरता `Dynamic IP` करून पाहावा. ओएनटीकडून `192.168` ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर तो स्वतःच राउटरसारखा वागू लागलेला आहे, आणि त्याला पुन्हा ब्रिज पद्धतीत नेण्यास पुरवठादाराला सांगावे लागेल.

उरलेल्या दोन ओळींचा अर्थ वेगळा आहे. पलीकडचे यंत्र भेटले, बोलले, आणि त्याने आपल्याला नाकारले. नाव किंवा पासवर्ड चुकीचा असणे हे पहिले कारण. मुदत संपलेला प्लॅन हे दुसरे, आणि ते तपासायला लाज वाटू देऊ नये. तिसरे कारण म्हणजे अडकून राहिलेले जुने सत्र. राउटर अचानक रिसेट झाल्याने त्याने निरोप घेतलेला नसतो, पुरवठादाराच्या नोंदीत आपण अजून जोडलेलेच असतो, आणि एका खात्यावर एकच सत्र चालत असेल तर दुसरे नाकारले जाते. राउटर दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावा; बहुतेक वेळा जुने सत्र तेवढ्यात गळून पडते. दर मिनिटाला `Connect` दाबत राहू नये, कारण सतत चुकणारे लॉगिन काही पुरवठादार थोड्या वेळासाठी रोखून धरतात.

चौथे कारण मॅक पत्त्याचे. रिसेटने राउटरचा मूळ मॅक पत्ता बदलत नाही. परंतु पूर्वी जुना राउटर काढून नवा बसवताना कोणी जुन्याचा मॅक पत्ता नव्यात भरलेला असेल, तर ती नक्कल रिसेटने पुसली जाते आणि पुरवठादाराला अनोळखी यंत्र दिसते. `Internet` पानावरील `MAC Clone` मध्ये `Use Custom MAC Address` निवडून जुना पत्ता भरता येतो. तो माहीत नसेल तर पुरवठादाराला «खात्याचा मॅक रिसेट करा» असे सांगावे. हे त्यांच्या रोजच्या कामातले आहे आणि फोनवर होऊन जाते.

एक उदाहरण

सांगलीतल्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्याची मांडणी पाहू. स्थानिक पुरवठादाराचा ओएनटी, त्यामागे आर्चर सी६, आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि एक नेटवर्क प्रिंटर. डीव्हीआरचा पत्ता त्याच्यातच `192.168.1.64` असा कायम केलेला, प्रिंटरचा `192.168.1.50`, आणि म्हणून राउटरचा पत्ताही मुद्दाम `192.168.1.1` ठेवलेला. मदतनिसाने रिसेट केल्यावर डॉक्टरांच्या मुलाने वर्षभरापूर्वी जतन केलेली फाइल चढवली. पान गोठल्यासारखे दिसले, कारण राउटर आपल्या जुन्या पत्त्यावर परतला होता. तेथे जुन्या पासवर्डने प्रवेश मिळाला. वायफाय, प्रिंटर आणि डीव्हीआर दवाखान्याच्या आत ताबडतोब सुरू झाले, इंटरनेट मात्र आले नाही. नोंदवहीत `CHAP authentication failed` होते. मधल्या काळात प्लॅन बदलताना पुरवठादाराने पीपीपीओईचा पासवर्डही बदललेला होता, आणि फाइलमध्ये साहजिकच जुना होता. नवा पासवर्ड भरल्यावर, जुने सत्र सुटेपर्यंत थोडे थांबून, जोडणी झाली.

या प्रकरणात फाइल नसती आणि फक्त पीपीपीओईचे तपशील भरले असते, तर इंटरनेट पंधरा मिनिटांत सुरू झाले असते, पण डीव्हीआर आणि प्रिंटर दिसेनासे झाले असते. राउटर `192.168.0.1` वर आणि ती दोन यंत्रे `192.168.1` च्या मालिकेत, अशी ताटातूट झाल्यावर ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. त्यासाठी `Network` खालच्या `LAN` पानावर राउटरचा पत्ता पूर्वीसारखा करावा. डीव्हीआरच्या मेनूत जाऊन तेथले आकडे बदलण्यापेक्षा हे फार सोपे पडते. बाहेरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून राउटरमध्ये भरलेले पोर्ट फॉरवर्डिंगचे नियमही पुन्हा भरावे लागतात. ते भरण्यापूर्वी राउटरच्या मुख्य पानावर इंटरनेटचा पत्ता पाहावा: तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पुरवठादार अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतो आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर भरले तरी बाहेरून कॅमेरे दिसणार नाहीत.

वायफाय आणि अर्धवट उघडणारी संकेतस्थळे

वायफायचे नाव आणि पासवर्ड अक्षर न्‌ अक्षर पूर्वीसारखे ठेवले, तर घरातले फोन, टीव्ही आणि स्मार्ट प्लग आपापले जोडले जातात; कशालाच हात लावावा लागत नाही. तरी एखादे जुने यंत्र जोडले गेले नाही, तर सुरक्षेचा प्रकार फक्त `WPA3` वर गेलेला नाही ना, ते पाहावे. असल्यास `WPA2` चालेल असा पर्याय निवडावा.

इंटरनेट आले, पण काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात, असे झाले तर `MTU` चा, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या कमाल आकाराचा आकडा तपासावा. पीपीपीओईवर तो 1492 पेक्षा जास्त असू नये. टीपी-लिंक तो स्वतः 1480 ठेवते आणि तो तसाच चालतो. कोणीतरी 1500 भरलेले आढळले तर खाली आणावे.

सर्व सुरळीत झाल्यावर

त्याच बैठकीत `Backup` दाबून नवी फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्या नावात मॉडेल, आवृत्ती आणि तारीख घालावी. `config.bin` नावाच्या तीन फाइलींतून बरोबर कोणती हे वर्षभराने कोणालाही सांगता येत नाही. या फाइलमध्ये पीपीपीओईचा, वायफायचा आणि राउटरचा असे सगळे पासवर्ड असतात, म्हणून ती सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. पुरवठादाराने पासवर्ड बदलला किंवा आपण एखादा नियम वाढवला, की फाइल पुन्हा घ्यावी. दवाखान्यातली अडचण नेमकी तेवढ्याने टळली असती.

कोणी बटणाला हात न लावता राउटर वारंवार कोरा होत असेल, तर मामला वेगळा आहे. कमजोर ॲडॉप्टरमुळे राउटर वारंवार बंद-चालू होतो, आणि ओएनटीचा व राउटरचा ॲडॉप्टर अदलाबदल होणे हे घरोघरी घडते. दोन्हींचा व्होल्टेज सारखा असला तरी अँपिअर कमी भरू शकतात, म्हणून लेबलवरचे दोन्ही आकडे जुळवून पाहावेत. मात्र नुसते बंद-चालू होण्याने सेटिंग्ज सहसा पुसल्या जात नाहीत. त्या पुसल्या जात असतील, तर रिसेटचे बटण आत रुतलेले आहे किंवा राउटरची स्मृती खराब होत आहे असे मानावे, आणि फाइल पुन्हा पुन्हा चढवत बसण्याऐवजी राउटर बदलावा. नवा राउटर दुसऱ्या मॉडेलचा निघाला तर जुनी फाइल त्याला चालणार नाही. त्यासाठी पीपीपीओईचे नाव व पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, मॅक पत्ता, राउटरचा पत्ता आणि कायम केलेल्या यंत्रांचे पत्ते एका कागदावर लिहून तो बिलांच्या फाइलमध्ये ठेवावा.